विद्युत मोटारीचा विमा

'''विद्युत मोटारीचा विमा''' म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या खासगी चारचाकी वाहनासाठी घेतला जाणारा मोटार विमा. भारतात या विम्याचा कायदा, पॉलिसीची मूळ शब्दरचना आणि दावा निकाली काढण्याची पद्धत पेट्रोल मोटारीसारखीच आहे. फरक प्रामुख्याने तीन ठिकाणी पडतो : हप्त्याची आकारणी, बॅटरीवरील घसारा आणि घरी बसविलेला चार्जर. या लेखातील आकडेमोड अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या पुणे रस्त्यावरील केडगाव या उपनगरात राहणाऱ्या आणि अहिल्यानगरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात 'एमएच १६' या क्रमांकमालिकेत नोंद झालेल्या मोटारीचे उदाहरण धरून केली आहे. (दौंड तालुक्यातील केडगाव हे वेगळे गाव आहे.)

'''कायदेशीर चौकट'''

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. विद्युत मोटारीला यातून सूट नाही. या विम्याचे दर केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाशी विचारविनिमय करून जाहीर करते. त्यामुळे तृतीय पक्षाचा मूळ हप्ता कोणत्याही कंपनीकडे सारखाच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा मात्र ऐच्छिक आहे. मोटारीवर कर्ज असल्यास बँक तो घ्यावयास लावते. याचे दर १ जानेवारी २००७ पासून मुक्त झाले असून प्रत्येक कंपनी आपला दर स्वतः ठरवते. असे असले तरी पॉलिसीची मूळ शब्दरचना २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकातून आलेली आहे, आणि विद्युत मोटारीच्या मालकाला भेडसावणारे बहुतेक प्रश्न याच जुन्या शब्दरचनेतून उद्भवतात. ते दरपत्रक तयार झाले तेव्हा भारतीय रस्त्यांवर विद्युत मोटार म्हणजे २००१ साली बेंगळूरुहून बाजारात आलेली 'रेवा' एवढेच चित्र होते, आणि तिच्यातही शिसे-आम्ल प्रकारच्याच बॅटऱ्या होत्या.

'''तृतीय पक्ष हप्ता : सवलत आणि गट'''

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी विद्युत मोटारींना तृतीय पक्ष हप्त्यात १५ टक्के सवलत दिली. 'विद्युत मोटारीचा विमा स्वस्त' या समजुतीचा उगम बहुधा येथेच आहे. ती समजूत अर्धीच खरी आहे. पेट्रोल मोटारीचा गट इंजिनाच्या घनक्षमतेवरून, म्हणजे 'सीसी'वरून ठरतो, तर विद्युत मोटारीचा गट मोटरच्या शक्तीवरून, म्हणजे किलोवॉटवरून ठरतो. या नियमांतील दर पुढीलप्रमाणे आहेत (वस्तू व सेवा कर वेगळा) :

| पेट्रोल मोटार | एक वर्ष | तीन वर्षे | विद्युत मोटार | एक वर्ष | तीन वर्षे |
|---|---|---|---|---|---|
| १,००० सीसीपर्यंत | ₹ २,०९४ | ₹ ६,५२१ | ३० किलोवॉटपर्यंत | ₹ १,७८० | ₹ ५,५४३ |
| १,००० ते १,५०० सीसी | ₹ ३,४१६ | ₹ १०,६४० | ३० ते ६५ किलोवॉट | ₹ २,९०४ | ₹ ९,०४४ |
| १,५०० सीसीहून अधिक | ₹ ७,८९७ | ₹ २४,५९६ | ६५ किलोवॉटहून अधिक | ₹ ६,७१२ | ₹ २०,९०७ |

एकाच ओळीतील दोन आकडे ताडून पाहिले तर १५ टक्क्यांची सवलत स्पष्ट दिसते. परंतु एकाच आकाराच्या दोन मोटारी एकाच ओळीत बसतील असे नाही. टाटा पंच या मोटारीच्या पेट्रोल आवृत्तीचे इंजिन सुमारे १,२०० सीसीचे आहे, म्हणजे ती मधल्या गटात येते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या तिच्या विद्युत आवृत्तीत २५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीबरोबर ६० किलोवॉटची मोटर होती, तर ३५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीबरोबर ९० किलोवॉटची. पहिली मधल्या गटात राहते आणि तिचा मालक पेट्रोलवाल्यापेक्षा वर्षाला ५१२ रुपये कमी भरतो. दुसरी वरच्या गटात जाते आणि तिच्या मालकाला, सवलत धरूनही, वर्षाला ३,२९६ रुपये जास्त पडतात. बाहेरून पाहता या दोन मोटारींत फारसा फरक दिसत नाही.

याउलट एम.जी. कॉमेट ही लहान मोटार सुमारे ३१ किलोवॉटची आहे. ३० किलोवॉटची मर्यादा अवघ्या एका किलोवॉटने ओलांडल्यामुळे ती सर्वांत स्वस्त गटातून बाहेर पडते.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. किलोवॉट हे मोटरच्या शक्तीचे माप आहे आणि किलोवॉट-तास हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे. जाहिरातीत ठळकपणे छापलेला आकडा बहुधा बॅटरीचा असतो, तर हप्त्याचा गट मोटरच्या आकड्यावर ठरतो. '३०'चा आकडा बॅटरीचा आहे हे न पाहता मोटार सर्वांत खालच्या गटात धरली, तर पॉलिसीतील वर्णन नोंदणी प्रमाणपत्राशी जुळत नाही. पॉलिसी हाती येताच त्यातील किलोवॉटचा आकडा नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहणे आणि तफावत असल्यास लेखी दुरुस्ती, म्हणजे एंडॉर्समेंट, करून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. अपघातानंतर तफावत निघाली तर ती विमाधारकाच्या विरोधात वापरली जाण्याची शक्यता असते.

'''स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा हप्ता'''

हा हप्ता 'विमाधारकाने घोषित केलेले मूल्य' या रकमेवर आकारला जातो. व्यवहारात तिला 'आयडीव्ही' म्हणतात. उत्पादकाच्या जाहीर विक्री किमतीतून वयानुसार ठराविक घसारा वजा करून ती काढतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे कंपनी व ग्राहक यांनी आपसांत ठरवायचे असते. मोटार चोरीस गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर जास्तीत जास्त हीच रक्कम मिळते.

विद्युत मोटारीचा हा हप्ता जास्त असण्याचे पहिले कारण म्हणजे तिची किंमतच जास्त असते. बॅटरीची किंमत विक्री किमतीत धरलेली असल्याने तीही आयडीव्हीत येते. दर तोच ठेवला तरी रक्कम वाढते.

जुन्या दरपत्रकाने देशाचे दोन विभाग केले होते. मुंबई, पुणे, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळूरु, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे 'अ' विभागात आणि उर्वरित सारा देश 'ब' विभागात. विभाग ठरतो तो नोंदणीच्या ठिकाणावरून, मोटार फिरते कोठे यावरून नव्हे. केडगावची 'एमएच १६' मोटार त्यामुळे 'ब' विभागात येते, मग ती रोज पुण्याला जात असली तरीही. पाच वर्षांपर्यंतच्या १,००० ते १,५०० सीसी मोटारीसाठी 'अ' विभागाचा दर ३.२८३ टक्के होता आणि 'ब' विभागाचा ३.१९१ टक्के. दर मुक्त झाल्यावरही अनेक कंपन्या हे जुने दर पाया म्हणून धरतात आणि त्यावर मोठी सूट देतात.

उदाहरणादाखल केडगावातील तीन नव्या मोटारी घेऊ. पेट्रोल मोटारीची विक्री किंमत ८ लाख रुपये, ६० किलोवॉटच्या विद्युत मोटारीची १२ लाख आणि ९० किलोवॉटच्या मोटारीची १४ लाख मानू. या किमती केवळ हिशोबासाठी धरल्या आहेत. पाच टक्के घसारा वजा जाता आयडीव्ही अनुक्रमे ७,६०,०००, ११,४०,००० आणि १३,३०,००० रुपये होते. तिन्हींना ३.१९१ टक्के हाच पायाभूत दर लावला आणि कंपनीने त्यावर ७० टक्के सूट दिली असे मानले, तर पहिल्या वर्षाचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता अनुक्रमे ७,२७५, १०,९१३ आणि १२,७३२ रुपये होतो. त्यात तीन वर्षांचा तृतीय पक्ष हप्ता मिळवला की बेरीज १७,९१५, १९,९५७ आणि ३३,६३९ रुपये येते. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरल्यास खरेदीच्या दिवशी भरावयाची रक्कम सुमारे २१,१४०, २३,५५० आणि ३९,७०० रुपये होते. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा आणि जोड संरक्षणे यांत धरलेली नाहीत.

या हिशोबात ६० किलोवॉटची मोटार पेट्रोल मोटारीहून सुमारे २,४०० रुपयांनीच महाग पडते. ९० किलोवॉटच्या मोटारीचा फरक मात्र साडेअठरा हजारांचा आहे, आणि त्यातील मोठा वाटा जास्त किमतीचा नसून तृतीय पक्ष विम्याच्या वरच्या गटाचा आहे. प्रत्यक्षात कंपनीगणिक सूट पुष्कळ बदलते. विद्युत मोटारीवर पेट्रोलइतकी सूट मिळेलच असे नाही, कारण बॅटरीच्या एका दाव्याने अनेक वर्षांचे हप्ते संपून जाऊ शकतात.

'''बॅटरी आणि ५० टक्के घसारा'''

मोटार दुरुस्त करताना सुटे भाग बदलावे लागले, तर मूळ पॉलिसी त्यांची पूर्ण किंमत देत नाही, घसारा कापून देते. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांच्यावर मोटारीचे वय काहीही असले तरी ५० टक्के कपात होते. फायबरग्लासवर ३० टक्के, तर काचेवर कपात नसते. इतर सर्व भागांवर मोटारीच्या वयानुसार कपात होते : सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीन वर्षांपर्यंत १५, चार वर्षांपर्यंत २५, पाच वर्षांपर्यंत ३५ आणि त्यापुढे दहा वर्षांपर्यंत ४० टक्के.

या यादीतील 'बॅटरी' हा शब्द लिहिला गेला तेव्हा नजरेसमोर बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी होती. काही हजार रुपयांची ती वस्तू टायरप्रमाणेच दोन-चार वर्षांत झिजते, म्हणून तिला टायरच्या पंक्तीत बसवणे रास्तच होते. विद्युत मोटारीची मुख्य बॅटरी ही लाखो रुपयांची, मोटारीच्या तळाशी बोल्टांनी जखडलेली आणि बहुधा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटीची वस्तू आहे. मूळ शब्दरचना या दोन बॅटऱ्यांत भेद करीत नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. वरील १२ लाखांची मोटार अडीच वर्षांची झाली आहे. केडगावहून आतल्या रस्त्याने जाताना खालून मोठा दगड लागला, बॅटरीचे आवरण तडकले आणि आतील शीतक द्रव गळू लागला. कार्यशाळेने पूर्ण बॅटरी बदलण्याचे ५ लाख आणि इतर कामाचे ५०,००० रुपये सांगितले असे मानू. 'बॅटरी' या शब्दाचा शब्दशः अर्थ घेतल्यास ५० टक्के कपात होऊन कंपनी बॅटरीसाठी २,५०,००० रुपये देते आणि उरलेले २,५०,००० मालकाच्या खिशातून जातात. हीच बॅटरी 'इतर भागां'त धरली तर कपात १५ टक्के, म्हणजे ७५,००० रुपयांची होते. एका शब्दाच्या अर्थावर १,७५,००० रुपये अवलंबून आहेत.

म्हणून विद्युत मोटारीसाठी 'शून्य घसारा' हे जोड संरक्षण पेट्रोल मोटारीपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे ठरते. बोलीभाषेत त्याला 'झीरो डेप' म्हणतात. मात्र ते घेतले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. काही पॉलिसींत बॅटरीसाठी वेगळी अट किंवा वयानुसार उतरता तक्ता असतो, दाव्यांच्या संख्येवर मर्यादा असते आणि ठराविक वयानंतर हे संरक्षण मिळत नाही. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला येथे किंमत नाही. 'मुख्य बॅटरीवर शून्य घसारा लागू आहे' असे वाक्य पॉलिसीच्या जोडपत्रात आहे का, एवढेच पाहावे लागते.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गणित पालटते. अडीच वर्षांच्या या मोटारीची आयडीव्ही ३० टक्के घसाऱ्यानंतर ८,४०,००० रुपये असेल आणि तिचे ७५ टक्के ६,३०,०००. वरील उदाहरणात खर्च ५,५०,००० असल्याने मोटार दुरुस्तच होईल. बॅटरी ६ लाखांची निघाली असती, तर एकूण ६,५०,००० होऊन मोटार 'रचनात्मक पूर्ण नुकसान' ठरली असती आणि सुट्या भागांची कपात न होता आयडीव्हीची रक्कम, सक्तीचा ठराविक वाटा वजा करून, मिळाली असती. बॅटरीची किंमत मोटारीच्या किमतीच्या मानाने एवढी मोठी असते की, पत्र्याला ओरखडाही नसलेली विद्युत मोटार कागदोपत्री भंगार ठरू शकते. आयडीव्ही कमी लिहून हप्ता वाचवणाऱ्यांना ही मर्यादा लवकर गाठते, आणि हाती येणारी रक्कम कर्जाची बाकी फेडण्यासही अपुरी पडू शकते.

'''बॅटरीचे कोणते नुकसान कोणाच्या खाती'''

बॅटरी बिघडली की मालकापुढे दोन दारे असतात, एक उत्पादकाच्या वॉरंटीचे आणि दुसरे विम्याचे. वॉरंटीत उत्पादनातील दोष आणि ठराविक मर्यादेपलीकडे घटलेली क्षमता येते. अपघात आणि पूर येत नाही. विम्यात अपघात, आग, चोरी, पूर येतात. नैसर्गिक झीज आणि 'यांत्रिक वा विद्युत बिघाड' येत नाहीत. पूर्ण चार्ज केल्यावर पूर्वीपेक्षा कमी अंतर कापणारी बॅटरी हा विम्याचा विषयच नाही.

या दोहोंच्या मधल्या पट्टीत खरे वाद होतात. मूळ पॉलिसीच्या संकटांच्या यादीत आग, स्फोट आणि वीज कोसळणे यांबरोबर 'स्वयंप्रज्वलन' हा शब्द स्पष्टपणे आहे. म्हणून बॅटरीतील पेशी तापून मोटारीने आपोआप पेट घेतला तर ते नुकसान मूळ पॉलिसीतच बसते. परंतु त्याच पेशींमध्ये आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग न लागता बॅटरी निकामी झाली, तर तो 'विद्युत बिघाड' मानून दावा नाकारला जाऊ शकतो. चार्जिंग चालू असताना वीजदाब अचानक वाढून बॅटरी किंवा मोटारीतील चार्जिंग यंत्रणा जळाली, तरी हाच प्रश्न उभा राहतो. पाण्याचेही तसेच आहे. पुरात उभी मोटार बुडाली तर पूर हे संकट लागू होते. पाणी ओसरल्यावर ओली मोटार चार्जिंगला लावून शॉर्ट सर्किट झाले, तर कंपनी त्याला मूळ घटनेमागून आलेले, टाळता येण्याजोगे नुकसान म्हणू शकते. पेट्रोल मोटारीत साचलेल्या पाण्यात इंजिन सुरू केल्यावर जो वाद होतो, त्याचेच हे नवे रूप आहे.

'बॅटरी संरक्षण' या नावाखाली विकले जाणारे जोड संरक्षण ही मधली पट्टी भरून काढण्यासाठी असते. त्यात साधारणपणे पाणी शिरणे, शॉर्ट सर्किट आणि चार्जिंगच्या वेळी झालेला वीजदाबातील चढउतार यांमुळे बॅटरीचे, काही वेळा मोटर व नियंत्रकाचेही, नुकसान भरून मिळते. हे संरक्षण आणि शून्य घसारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले नुकसानीचे कारण विम्यात आणते आणि दुसरे मिळणाऱ्या रकमेतील कपात थांबवते. एकच घेतले तर दुसरी भोके तशीच राहतात.

अहिल्यानगर येथेच संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली वाहनांची चाचणी करण्यास मान्यता असलेल्या संस्थांत तिचा समावेश होतो. चारचाकींच्या बॅटरीसाठी असलेली 'एआयएस ०३८' ही सुरक्षा चाचणी अशा मान्य संस्थांकडून करून घ्यावी लागते आणि तिचे कठोर केलेले निकष १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. विम्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, चाचणी झालेल्या मूळ रचनेत बाहेरच्या कारागिराकडून फेरफार केला, मग तो जादा पेशी जोडण्याचा असो की सॉफ्टवेअर बदलण्याचा, तर विमा उतरवलेली मोटार आणि प्रत्यक्ष मोटार एकच राहत नाही.

बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. केंद्राने ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरीशिवाय विद्युत वाहनांची विक्री व नोंदणी करण्यास मुभा दिली. अशा व्यवहारात विक्री किमतीत बॅटरी नसेल तर आयडीव्हीतही ती आपोआप येणार नाही. बॅटरीचा मालक कोण, तिचा विमा कोणी उतरवायचा आणि नुकसानीची रक्कम कोणाला मिळणार, हे भाडेकरारात आणि पॉलिसीत जुळते असावे लागते.

'''घरचा चार्जर'''

मोटार विमा 'वाहन आणि त्यावर असताना त्याची उपसाधने' यांचा असतो. भिंतीवर बसविलेला चार्जर वाहनावर नसतो, घरावर असतो. म्हणून वेगळी तरतूद केली नसेल तर तो मोटार विम्यात येत नाही. मोटारीबरोबर डिकीत ठेवली जाणारी, किमतीत समाविष्ट असलेली चार्जिंग केबल उपसाधन म्हणून धरता येते. बाहेरून विकत घेतलेले विद्युत साधन मात्र पॉलिसीत वेगळे नोंदवावे लागते. जुन्या दरपत्रकात त्यासाठी किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता होता. काही कंपन्या भिंतीवरच्या चार्जरसाठी स्वतंत्र जोड संरक्षण देतात.

दुसरा मार्ग गृहविम्याचा आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकसमान पॉलिसी देतात. तीत आग, वीज कोसळणे, वादळ, पूर इत्यादींपासून घर आणि घरातील वस्तूंचे संरक्षण मिळते. चार्जर तीत बसतो, पण एक महत्त्वाचा अपवाद आहे. अतिभार, शॉर्ट सर्किट, ठिणगी किंवा वीजगळती यांमुळे विद्युत उपकरणाचे स्वतःचे झालेले नुकसान तीत वगळलेले आहे. म्हणजे वीजदाब वाढून चार्जर जळाला तर त्याची किंमत मिळणार नाही. त्याची आग पसरून घराचे छत आणि सामान जळाले, तर त्या नुकसानीची भरपाई मात्र मिळते. चोरीचेही संरक्षण मर्यादित आहे. विमा असलेले संकट ओढवल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच धरली जाते. एरवी पोर्चमधून केबल कापून नेली तर त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा लागतो.

दाव्याच्या वेळी चार्जरची जोडणी कशी होती हे तपासले जाते. ७.२ किलोवॉटचा चार्जर २३० व्होल्टवर सुमारे ३१ अँपिअर प्रवाह ओढतो आणि तोही सलग काही तास. गीझर किंवा पाण्याची मोटर यांसारखी थोडा वेळ चालणारी उपकरणे धरून आखलेल्या जुन्या वायरिंगवर त्याचा ताण वेगळाच पडतो. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच आणि चांगले अर्थिंग या किमान गोष्टी आहेत. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेणेही आवश्यक ठरते. केडगावसारख्या बैठ्या घरांच्या वस्तीत मालकाच्या स्वतःच्या मीटरवर हे सहज जमते. भाड्याच्या घरात घरमालकाच्या मीटरवर चार्जर बसवला, तर चार्जर एकाचा, जोडणी दुसऱ्याची आणि गृहविमा तिसऱ्याच नावावर असा गुंता होतो. परवानाधारक वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल, चार्जरचे बिल आणि भारवाढीची पावती मोटारीच्या कागदांबरोबर ठेवल्यास जोडणी योग्य होती हे नंतर दाखवता येते.

बॅटरीच्या दाव्यातही हाच कागद कामी येतो. चार्जिंगच्या वेळी नुकसान झाले असे म्हणताच कंपनीचा पहिला प्रश्न जोडणीविषयी असतो.

'''दावा करताना'''

खालून मार लागल्यावर विद्युत मोटार पुष्कळदा चालतच राहते. इशाऱ्याचा दिवा न लागल्याने मालक तशीच घरी आणून रात्री चार्जिंगला लावतो. मूळ पॉलिसीच्या अटींनुसार अपघातानंतर आवश्यक दुरुस्तीआधी मोटार चालविल्यास त्यामुळे वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी विमाधारकाची असते. शिवाय दुखावलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही, पेट घेऊ शकते. जोराचा आघात झाल्याची शंका असेल, शीतकाचा ओघळ दिसत असेल, गोडसर वा जळका वास येत असेल किंवा चार्जिंगची पातळी कारणाविना घसरत असेल, तर मोटार घरापासून दूर मोकळ्यावर उभी करून, चार्जर न जोडता, कंपनीला कळवावे आणि फ्लॅटबेड गाडीवरून हलवावी. पुढची चाके उचलून ओढत नेल्यास मागची चाके फिरत राहतात आणि मागच्या चाकांना मोटर असलेल्या मोटारीत त्यातून नवे नुकसान होते.

बॅटरी खाली उतरवण्याआधी सर्व्हेअरने ती जागेवर पाहणे महत्त्वाचे असते. तळाची छायाचित्रे, घटनास्थळाचे छायाचित्र आणि मोटारीच्या संगणकातील बिघाडनोंदी यांवरून आघात आधी झाला की बिघाड, हे ठरते. या नोंदी कार्यशाळेत पुसल्या जाण्याआधी त्यांची प्रत मागून घ्यावी. केवळ आवरण बदलून भागेल की पूर्ण बॅटरी बदलावी लागेल, हा वाद बहुधा सर्व्हेअर आणि कार्यशाळा यांच्यात होतो. आवरण बदलून वॉरंटी कायम राहणार आहे का, हे उत्पादकाकडून लेखी घेतल्याशिवाय मालकाने त्या तडजोडीला संमती देऊ नये.

दावा नाकारला गेला किंवा बॅटरीवर ५० टक्के कपात झाली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी लागते. एका महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. अहिल्यानगर जिल्हा पुणे येथील लोकपालाच्या कक्षेत येतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. 'बॅटरी' या शब्दाबाबतच्या वादात विमाधारकाला आधार देणारे एक जुने तत्त्व आहे : पॉलिसीतील शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरोधात घेतला जातो. पॉलिसीत मुख्य बॅटरीसाठी स्पष्ट तक्ता दिलेला असेल तर मात्र हा आधार उरत नाही.

'''पेट्रोल मोटारीचा बोनस'''

दावा न केल्याबद्दल मिळणारा बोनस २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. तो मोटारीचा नसून विमाधारकाचा असतो. जुनी पेट्रोल मोटार विकून विद्युत मोटार घेणाऱ्याला तो नव्या मोटारीवर नेता येतो. त्यासाठी आधीच्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे लागते आणि ते तीन वर्षांच्या आत वापरावे लागते. हा बोनस केवळ स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर लागू होतो. वरील उदाहरणातील ६० किलोवॉटच्या मोटारीवर ५० टक्के बोनस आणला, तर १०,९१३ रुपयांचा हप्ता सुमारे ५,४५६ रुपयांवर येतो आणि पेट्रोलशी असलेला फरक पहिल्या वर्षी भरून निघतो. जुन्या मोटारीबरोबर तिची पॉलिसी खरेदीदाराच्या नावे करून देताना हे पत्र मागायचे राहून जाते, आणि खरेदीदारालाही तो बोनस मिळत नाही.